फीवाढीची बातमी: पावतीपासून ताळेबंदापर्यंत

शिक्षण बीटवर नव्याने आलेल्या वार्ताहराकडे फीवाढीची बातमी बहुधा व्हॉट्सअॅपवरून येते. ‘अमुक शाळेने ४५ टक्के फी वाढवली, उद्या सकाळी आठ वाजता गेटवर आंदोलन, पत्रकारांनी यावं.’ तुम्ही जाता, फलक धरलेल्या पालकांचा फोटो काढता, मुख्याध्यापकांना फोन लावता. ते म्हणतात, ‘वाढ फक्त १५ टक्के आहे आणि नियमानुसार आहे.’ शिक्षणाधिकारी म्हणतात, ‘तक्रार आली तर चौकशी करू.’ तिन्ही वाक्यं छापून येतात. वाचकाला मात्र वाढ ४५ टक्के की १५ टक्के, कशासाठी आणि ती करायचा शाळेला अधिकार होता का, यातलं काहीच कळत नाही.

या लेखात महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित शाळेची फीवाढ हाच एक प्रकार घेतला आहे. कायदा इथला आहे, कचेऱ्याही इथल्याच आहेत. गोव्यात किंवा दिल्लीत नियम वेगळे, त्यामुळे तिथल्या बातमीत इथली कलमं चिकटवू नका. खाली उदाहरणादाखल घेतलेली शाळा काल्पनिक आहे. तिचे आकडे पद्धत समजावी म्हणून मांडले आहेत.

आधी पावत्या, मग प्रतिक्रिया

पालक चिडलेले असतात, आणि चिडलेला माणूस आकडा सांगताना त्यात सगळंच धरतो. तो खोटं बोलत नसतो, कारण त्याच्या खिशातून गेलेला पैसा त्याला एकच दिसतो, मग तो फीचा असो, बसचा असो की पुस्तकांचा. म्हणून ‘किती वाढली?’ असं विचारू नका. ‘या वर्षीची आणि गेल्या वर्षीची पावती दाखवता का?’ असं विचारा. पावती नसेल तर फीचं कार्ड, शाळेच्या अॅपवरचा तपशील, बँकेची नोंद, काहीही चालेल. मात्र त्यावर वर्ष, इयत्ता आणि शीर्षकं दिसायला हवीत.

इथे सगळ्यात जास्त बातम्या एका साध्या कारणाने घसरतात. पालक आपल्या मुलाची गेल्या वर्षीची पाचवीची फी आणि या वर्षीची सहावीची फी समोरासमोर ठेवतात. पण बऱ्याच शाळांत पाचवीपर्यंत एक दर आणि सहावीपासून दुसरा दर असतो. मूल वरच्या टप्प्यात गेल्यामुळे वाढलेले पैसे आणि शाळेने दर वाढवल्यामुळे वाढलेले पैसे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे या वर्षीच्या सहावीची तुलना गेल्या वर्षीच्या सहावीशीच करायची. त्यासाठी सध्या ज्यांचं मूल सातवीत आहे अशा पालकाकडून गेल्या वर्षीची पावती मिळवा. शिशुवर्ग, प्राथमिक आणि माध्यमिक अशा तिन्ही टप्प्यांतल्या जोड्या मिळाल्या तर वाढ सगळीकडे सारखी आहे की नव्याने प्रवेश घेणाऱ्यांवरच टाकली आहे, तेही कळतं.

पावती हातात आल्यावर तीन गोष्टी बघा. रक्कम एका हप्त्याची आहे की पूर्ण वर्षाची? एकरकमी भरल्याची सूट त्यात धरली आहे का? आणि परत मिळणारी अनामत रक्कम फीत मिसळली गेली आहे का? अनामत ही फी नव्हे. पण ती परत कधी मिळणार याचं उत्तर शाळेकडून मागून घ्या, कधीकधी त्यातून वेगळीच बातमी निघते.

आता आपली काल्पनिक शाळा. सहावीची गेल्या वर्षीची पावती सांगते: शिक्षण शुल्क ५२,००० रुपये, सत्र शुल्क ६,०००, संगणक ३,०००, उपक्रम ४,०००, एकूण ६५,०००. या वर्षीची सांगते: शिक्षण शुल्क ६०,०००, सत्र शुल्क ६,०००, ‘डिजिटल लर्निंग’ ९,०००, उपक्रम ६,०००, ‘वार्षिक देखभाल’ ७,०००, एकूण ८८,०००.

मुख्याध्यापक १५ टक्के म्हणाले ते कशाच्या जोरावर? शिक्षण शुल्क ५२ हजारांवरून ६० हजारांवर गेलं, म्हणजे १५.४ टक्के वाढलं. आकडा खरा आहे, पण तो एकाच शीर्षकाचा. शाळेला भरायची एकूण रक्कम ६५ हजारांवरून ८८ हजारांवर गेली आहे, म्हणजे ३५.४ टक्के. आणि पालकांचे ४५ टक्के कुठून आले? त्यांनी बस आणि पुस्तकंही धरली. बस १४,००० वरून २२,००० झाली, शाळेतच घ्यायला लावलेली पुस्तकं आणि गणवेश ६,००० वरून १३,००० झाले. म्हणजे ८५ हजारांचे १ लाख २३ हजार झाले. वाढ ४४.७ टक्के.

तिन्ही आकडे बरोबर आहेत. बातमीत तिन्ही द्या, आणि कुठला आकडा कशातून आला तेही लिहा. मथळ्यात मात्र मधला, म्हणजे शाळेला भरायच्या एकूण फीचा आकडा घ्या. बस आणि पुस्तकांचा हिशोब वेगळ्या परिच्छेदात मांडा, कारण त्यांचे प्रश्न वेगळे असतात: बस शाळेची की ठेकेदाराची, पुस्तकं ठरावीक दुकानातूनच घ्यायची सक्ती आहे का, तशी सूचना लेखी आहे की तोंडी.

शीर्षकांची नावं बदलली आहेत का, हेही पाहून घ्या. वरच्या पावतीत ‘संगणक’ गेलं आणि ‘डिजिटल लर्निंग’ आलं. जुन्याच सोयीचे तिप्पट पैसे आहेत की खरोखर नवी सोय आहे, हे विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय कळत नाही. वर्गात नवे डिजिटल फळे लागले आहेत का, लागले असतील तर सगळ्या वर्गांत का? ‘वार्षिक देखभाल’ हे शीर्षक गेल्या वर्षी नव्हतंच. तेव्हा इमारतीची देखभाल कुठल्या पैशातून होत होती, हा मुख्याध्यापकांना विचारायचा सरळ प्रश्न आहे.

कोणत्या पालकांशी बोलायचं

आंदोलनाच्या पुढच्या रांगेतल्या पालकांशी सगळेच बोलतात. तुम्हाला आणखी तिघांकडे जायचं आहे. पहिला, ज्याने वाढीव फी मुकाट्याने भरली आहे असा पालक. ‘शाळा चांगली आहे, वाढ परवडते’ असं तो म्हणाला तर तेही छापा. दुसरा, ज्याने मूल काढून दुसरीकडे घातलं आहे असा. त्याला आता भीती नसते आणि त्याच्याकडे जुने कागद असतात. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर बसलेला पालक. फीचा प्रस्ताव कायद्याने त्याच्यासमोर यायला हवा होता. तो आला का, कधी आला, सोबत हिशोब होता का, सही कशावर घेतली, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

असे पालक नाव द्यायला कचरतात. मुलाला वर्गात बोलणी बसतील, निकाल अडवतील ही भीती त्यांना असते. नाव न छापण्याचं कबूल केलंत तर इयत्ता, तुकडी, व्यवसाय, सोसायटीचं नावही गाळा. दहावी ब मध्ये एकच डॉक्टर पालक असेल तर ‘दहावी ब मधील विद्यार्थ्याचे डॉक्टर वडील’ म्हणजे नाव छापल्यासारखंच आहे. पावतीचा फोटो छापणार असाल तर विद्यार्थ्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड झाका. क्यूआर कोड बरेच जण विसरतात.

आंदोलनाचं नेतृत्व कोण करतं आहे तेही बघून ठेवा. एखाद्या पक्षाचा इच्छुक उमेदवार पुढे असेल तर त्याने पालकांचं म्हणणं खोटं ठरत नाही. तरीही तो पालक आहे की नाही, हे वाचकाला सांगायला हवं.

नियम: टक्क्यांपेक्षा तारखा विचारा

महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. तो प्रत्यक्षात २०१४ मध्ये लागू झाला आणि त्याचे नियम २०१६ मध्ये आले. शाळा राज्य मंडळाची असो, सीबीएसईची असो की आयसीएसईची, खासगी विनाअनुदानित शाळेला तो लागू होतो. ‘आम्ही केंद्रीय मंडळाचे, राज्याचा कायदा आम्हाला नाही’ असं कुणी म्हणालं तर ते गप्प बसून लिहून घेऊ नका.

कायद्याची पद्धत अशी आहे. शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो. त्यातून इच्छुक पालकांच्या नावांची सोडत काढून कार्यकारी समिती बनते. मुख्याध्यापक अध्यक्ष असतात, प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक असतो. फी किती असावी हे व्यवस्थापन सुचवतं. तो प्रस्ताव आणि त्यामागचे हिशोबाचे कागद पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी कार्यकारी समितीपुढे ठेवायचे असतात. समितीने तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि समितीला मान्य झालेली फी शाळेच्या सूचना फलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायची असते. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते.

यातून बातमीसाठी एक छोटं कॅलेंडर निघतं. सीबीएसईची शाळा एप्रिलमध्ये सुरू होत असेल तर प्रस्ताव सप्टेंबर अखेरपर्यंत समितीपुढे गेलेला असायला हवा. राज्य मंडळाची शाळा जूनच्या मध्याला सुरू होत असेल तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत. मार्चमध्ये पालकांना अॅपवर एकदम नवी फी दिसली असेल तर विचारायचं ते एवढंच: प्रस्तावाची तारीख काय, समितीच्या बैठकीची तारीख काय, इतिवृत्तावर कुणाच्या सह्या आहेत, आणि मान्य फी फलकावर कोणत्या दिवशी लागली? शिवाय गेल्या वर्षीही फी वाढली होती का? वाढली असेल तर दोन वर्षांच्या बांधिलकीचं काय झालं?

या चार-पाच तारखा मिळाल्या तर बातमी उभी राहते. तारखा द्यायला शाळेने नकार दिला तर तो नकारही बातमीत जातो.

आता १५ टक्क्यांबद्दल, कारण या आकड्याने अनेक बातम्यांचा घात केला आहे. ‘कायद्याने १५ टक्के वाढ चालते’ असं मुख्याध्यापक सांगतात, पालक मान डोलावतात आणि वार्ताहर छापतो. दरवर्षी १५ टक्के वाढवायची अशी मोकळीक कायद्यात नाही. तिथला १५ हा आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे: कार्यकारी समितीने ठरवलेली फी आणि व्यवस्थापनाने सुचवलेली फी यांच्यातला फरक. हा फरक १५ टक्क्यांहून जास्त असेल तर वाद विभागीय शुल्क नियामक समितीकडे नेता येतो. निवृत्त जिल्हा न्यायाधीश या समितीचे अध्यक्ष असतात. आपल्या शाळेच्या समितीने ७२,००० रुपये ठरवले आणि व्यवस्थापनाने ८८,००० मागितले, तर फरक १६,००० चा, म्हणजे ७२ हजारांच्या २२ टक्के. हे प्रकरण नियामक समितीकडे जाण्याजोगं आहे. पण बैठकच झाली नसेल तर १५ टक्के मोजायचे कशाच्या तुलनेत? ‘१५ टक्क्यांच्या आत आहे’ हे उत्तर आलं की लगेच विचारा, ‘समितीने ठरवलेल्या कोणत्या आकड्याच्या तुलनेत?’

दुसरी अडचण २५ टक्क्यांची आहे. कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्तीने पालकांना फीविरुद्ध विभागीय समितीकडे जायचं तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. १,२०० विद्यार्थ्यांच्या शाळेत भावंडं सोडली तर तीनशेच्या आसपास सह्या हव्यात. गेटवर दोनशे पालक ओरडत असतात आणि शिक्षण खात्यात ‘तक्रारच नाही’ असं उत्तर मिळतं, त्याचं एक कारण हे. ही अट बदलावी अशी मागणी सतत होत असते, त्यामुळे बातमी जाण्याच्या दिवशी अट काय आहे ते शिक्षण उपसंचालक कार्यालयातून पक्कं करूनच लिहा.

शाळेचा खर्च: बेरीज लावून बघा

शाळेची बाजू घ्यायची म्हणजे दोन ओळींची प्रतिक्रिया घ्यायची असं नव्हे. शिक्षकांचे पगार वाढतात, वीज महागते, सुरक्षारक्षक ठेवावे लागतात. फी ठरवताना काय काय बघायचं याची यादी कायद्यातच आहे: शाळेचं ठिकाण, सोयी, पात्र शिक्षक आणि त्यांचे पगार, वार्षिक वेतनवाढ, प्रशासन आणि देखभालीचा खर्च, आणि शाळेच्या विकासासाठी वाजवी शिल्लकही. म्हणजे शाळेकडे चार पैसे उरले एवढ्यावरून नफेखोरी सिद्ध होत नाही. खासगी शाळेला वाजवी शिल्लक ठेवता येते, नफेखोरी करता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात आणि २००४ च्या दिल्लीतल्या मॉडर्न स्कूलच्या निकालात घेतली आहे. पालकांच्या बाजूने लिहिताना हे विसरलं की दुसऱ्या दिवशी शाळेचं खुलासापत्र येतं आणि ते बरोबर असतं.

हिशोब कुठे मिळतील? बहुतेक शाळा विश्वस्त संस्थेच्या असतात आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. त्यांचे लेखापरीक्षित हिशोब धर्मादाय आयुक्तांच्या विभागीय किंवा जिल्हा कार्यालयात दाखल होतात: अनुसूची आठमध्ये ताळेबंद, नऊमध्ये उत्पन्न-खर्च पत्रक. संस्थेचा नोंदणी क्रमांक घेऊन नक्कल मागता येते. शाळा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे ना-नफा, कंपनी चालवत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोड्या शुल्कात वार्षिक हिशोब पाहता येतात. सीबीएसईच्या शाळेला आपल्या संकेतस्थळावर ‘अनिवार्य जाहीर माहिती’ ठेवावी लागते. त्यात फीचा तक्ता, पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांची यादी, शिक्षकांची संख्या अशा गोष्टी असतात. ते पान पहिल्याच दिवशी जतन करून ठेवा, कारण बातमी आल्यावर अशी पानं बदलतात.

खासगी शाळेला थेट माहितीचा अधिकार लावता येत नाही म्हणून हात टेकू नका. शाळेने शिक्षणाधिकारी कार्यालयाला दिलेले कागद त्या कार्यालयाकडे असतात. दहा रुपयांचा अर्ज करून तिथून मागा: कार्यकारी समितीची यादी, फीबाबतचा पत्रव्यवहार, आलेल्या तक्रारी. उत्तराची मुदत तीस दिवसांची, म्हणजे उद्याच्या बातमीला उपयोग नाही. पाठपुराव्याच्या बातमीला मात्र आहे, तेव्हा अर्ज पहिल्याच दिवशी टाका.

आता बेरीज. आपल्या शाळेत १,२०० मुलं आहेत. त्यातली १५० शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवरची, म्हणजे फी भरणारी १,०५०. वाढ सगळ्यांना सरासरी २३,००० धरली तर शाळेला वर्षाला २ कोटी ४१ लाख ५० हजार रुपये जास्त मिळणार. (इयत्तेनुसार वाढ वेगळी असेल तर प्रत्येक टप्प्याची वेगळी बेरीज करा, ‘सुमारे’ हा शब्द ठेवा आणि फी सवलतीतली मुलं वजा करा.) शाळेने दिलेली कारणं आता या रकमेसमोर एकेक करून ठेवायची.

‘पगार वाढवले.’ गेल्या वर्षीच्या उत्पन्न-खर्च पत्रकात पगाराचा खर्च ३ कोटी ६० लाख दिसतो. शाळा म्हणते १२ टक्के वाढ दिली, म्हणजे ४३ लाख २० हजार. खरंच दिली का हे दोन-तीन शिक्षकांना वेगवेगळं गाठून विचारा. पगाराच्या पावतीवरचा आकडा आणि खात्यात आलेला आकडा सारखे आहेत का, हेही हळूच विचारा. काही संस्थांत पगाराचा काही भाग रोखीने परत घेतला जातो, आणि शिक्षक ते स्वतःहून सांगत नाहीत.

‘जागेचं भाडं वाढलं.’ भाडं ६० लाखांवरून १ कोटी ४० लाख झालं, म्हणजे ८० लाखांची वाढ. इथे थांबा आणि जागा कुणाची आहे ते बघा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. जागा संस्थाचालकांच्याच दुसऱ्या संस्थेची किंवा कुटुंबाच्या कंपनीची निघाली तर भाडं वाढवणारे आणि भाडं भरणारे एकच झाले. त्यात आपोआप गैर काही नाही, पण दर बाजारभावाला धरून आहे का, हे परिसरातल्या व्यवहारांशी ताडून बघावं लागतं. भाड्यासारखंच ‘व्यवस्थापन शुल्क’, ‘ब्रँड वापराचं शुल्क’ या नावांकडेही लक्ष ठेवा. साखळी शाळांत मोठा पैसा बऱ्याचदा तिथून बाहेर जातो.

‘डिजिटल फळे घेतले.’ तीस वर्गांत प्रत्येकी दीड लाखाचे, म्हणजे ४५ लाख. खर्च खरा असेल, पण तो एकदाच होतो, तर फी दरवर्षी येते. पुढच्या वर्षी ‘डिजिटल लर्निंग’चे ९,००० कमी होणार का, हा प्रश्न लेखी विचारा. हिशोबात एक खाच आहे, तीही बघा: फळ्यांची पूर्ण किंमत खर्चात धरली आणि त्याच फळ्यांचा घसाराही खर्चात धरला, तर तोच पैसा दोनदा मोजला गेला. भांडवली खर्च फीतून काढण्याबद्दल न्यायालयांनी वेळोवेळी हात आखडता घ्यायला सांगितलं आहे, तेव्हा हा मुद्दा संस्थेच्या लेखापालाकडून उत्तर घेऊनच लिहा.

‘सरकार शिक्षण हक्काचे पैसे देत नाही.’ हे कारण जवळपास प्रत्येक शाळा देते आणि त्यात तथ्यही असतं, राखीव जागांवरच्या मुलांच्या फीची सरकारी प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं रखडते. पण किती? राज्याने अलीकडच्या काही वर्षांत ठरवलेला दर प्रति विद्यार्थी १७,६७० रुपये होता. १५० मुलांचे वर्षाचे झाले साधारण २६ लाख ५० हजार. तीन वर्षांचं सगळं थकलं असेल तर ७९ लाख ५० हजार. तेही एकदाचं देणं आहे, आणि सरकारकडून पुढे मिळालं तर पालकांकडून घेतलेलं परत करणार का? शाळेने दाखल केलेल्या मागणीची प्रत मागा. प्रत्येक शाळेकडे ती नसते.

मागणीची प्रत मिळेपर्यंत थकीत प्रतिपूर्ती बाजूला ठेवा. पगार, भाडं आणि फळे मिळून १ कोटी ६८ लाख २० हजार होतात. वाढीव उत्पन्नातले ७३ लाख ३० हजार अजून उरतात. हा आकडा म्हणजे ‘शाळेने लाटलेले पैसे’ नव्हेत. शाळेने कागदांनिशी कारण न दिलेली रक्कम एवढंच त्याला म्हणता येतं, आणि बातमीतही तसंच लिहायचं. संस्थेच्या हिशोबात आणखी एक गुंता असतो: एकाच संस्थेच्या चार शाळा आणि एक महाविद्यालय असेल तर ताळेबंद सगळ्यांचा मिळून असतो. या शाळेचा खर्च वेगळा दाखवा, असं लेखी मागा. तो मिळाला नाही तर तुमची बेरीज पगार आणि भाड्यापुरतीच धरा.

प्रश्न लेखी, मुदत ठरलेली

मुख्याध्यापकांना फोनवर ‘फीवाढीबद्दल काय सांगाल?’ विचारलं की ‘आम्ही दर्जाशी तडजोड करत नाही’ हे उत्तर येणारच. त्याऐवजी ईमेल करा आणि त्याची प्रत संस्थेच्या सचिवांनाही पाठवा, कारण फी मुख्याध्यापक ठरवत नाहीत. प्रश्न असे:

२०२५-२६ ची फी कार्यकारी समितीपुढे कोणत्या तारखेला ठेवली आणि समितीने कोणत्या तारखेला मान्य केली? सहावीची एकूण फी ६५,००० वरून ८८,००० झाली हे बरोबर आहे का? ‘वार्षिक देखभाल’ हे शीर्षक समितीने मंजूर केलं आहे का? इमारत कुणाच्या मालकीची आहे? शिक्षकांना या वर्षी किती वेतनवाढ दिली?

पाच प्रश्न पुरेत. दोन दिवस द्या. उत्तर आलं नाही तर ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ असं मोघम न लिहिता कुठल्या तारखेला कोणते प्रश्न पाठवले ते लिहा. शिक्षणाधिकाऱ्यांनाही ‘काय कारवाई करणार?’ विचारू नका. या शाळेच्या समितीची यादी तुमच्याकडे आहे का, आणि विभागीय समितीत या शाळेचं प्रकरण प्रलंबित आहे का, हे विचारा. मुंबईत हा प्रश्न संबंधित विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे न्यावा लागतो.

मजकूर लिहिताना

पहिला परिच्छेद साधारण असा उतरावा:

‘शहरातील एका सीबीएसई शाळेने सहावीची वार्षिक फी ६५ हजारांवरून ८८ हजार रुपयांवर नेली आहे. ही वाढ ३५ टक्के असून त्यात गेल्या वर्षी नसलेल्या ७ हजार रुपयांच्या ‘वार्षिक देखभाल’ शुल्काचा समावेश आहे. फीचा प्रस्ताव आपल्यापुढे आलाच नाही, असे कार्यकारी समितीच्या दोन पालक सदस्यांनी सांगितले. प्रस्ताव ऑक्टोबरमध्ये मान्य झाल्याचा शाळेचा दावा आहे. बैठकीचे इतिवृत्त मात्र शाळेने दाखवले नाही.’

प्रत्यक्ष बातमीत शाळेचं नाव येईल. या परिच्छेदात शाळेचं म्हणणं चौथ्या वाक्यातच आलं आहे, ते शेवटी ढकललेलं नाही. ‘लूट’, ‘मनमानी’, ‘बेकायदा’ हे शब्द पालकाच्या तोंडी आले तर अवतरणात ठेवा. तुमच्या वाक्यात ‘बेकायदा’ तेव्हाच, जेव्हा विभागीय समितीने किंवा न्यायालयाने तसं ठरवलं असेल. त्याआधी ‘कायद्यातील सहा महिन्यांची मुदत पाळल्याचे कागद शाळेने दाखवले नाहीत’ एवढं म्हणता येतं आणि वाचकाला ते पुरेसं कळतं. मथळा डेस्कवर बदलतो, म्हणून छपाईआधी तो एकदा डोळ्यांखालून घाला. आत ३५ टक्के आणि वर ‘फी दीडपट’ असं झालेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

सोबत चौकट द्यायची तर दोन पावत्या शेजारी-शेजारी मांडा, शीर्षकवार. कायद्याची कलमं चौकटीत भरू नका. वाचकाला तारखांचा क्रम हवा असतो: प्रस्ताव कधी, मंजुरी कधी, फलकावर कधी. आपल्या मुलाच्या शाळेतही हेच विचारता येईल, हे त्याला त्यातून कळतं.

बातमी आल्यावर इतर शाळांचे पालक पावत्या पाठवू लागतात. त्यांचा तक्ता करायला घ्या: शाळा, मंडळ, इयत्ता, दोन वर्षांची एकूण फी, नवी शीर्षकं, प्रस्तावाची तारीख. आंदोलन थांबतं, कारण बरेच पालक जूनपर्यंत फी भरून टाकतात. पण विभागीय समितीचा निकाल काही महिन्यांनी येतो आणि तो छापायला तेव्हा कुणीच नसतं. सप्टेंबरअखेर सीबीएसई शाळांकडे आणि डिसेंबरमध्ये राज्य मंडळाच्या शाळांकडे पुढच्या वर्षीचा प्रस्ताव समितीपुढे ठेवला का, हे विचारायला जा. त्या वेळी कार्यकारी समितीवरच्या पालकांच्या हातात निर्णय अजून असतो, आणि मार्चमध्ये जी माहिती कुणी देत नाही ती तेव्हा सहज मिळते.